चाळणीत राहिलेला कोंडा: घरच्याच जेवणावर सावकाश वजन कमी करण्याचा हिशेब

माझी धाकटी जाऊ कणीक मळायला बसली की आधी परातीत पीठ चाळायची. अगदी बारीक चाळणीने, दोनदा. चाळणीत उरलेला तांबूस कोंडा ती एका डब्यात टाकायची आणि डबा भरला की गवळ्याच्या गाईला द्यायची. चपाती त्यामुळे पांढरी आणि मऊ व्हायची, यात शंका नाही. याच जावेने दोन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून दुकानातून जास्त फायबरवाली बिस्किटं आणि पावडरीचा एक डबा आणला. डबा जवळजवळ हजार रुपयांचा होता आणि महिनाभरही पुरला नाही. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे ती बिस्किटाचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली. पाकीट उलटं करून आम्ही दोघींनी घटक वाचले. पहिलं नाव मैद्याचं होतं. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे त्या बिस्किटात सगळ्यात जास्त मैदाच होता. त्याच्या पाठोपाठ तेल आणि साखर होती, आणि गव्हाचा कोंडा त्यानंतर कुठेतरी. घरचा कोंडा गाईला जात होता आणि चिमूटभर कोंडा पैसे देऊन घरात येत होता.

तिच्या स्वयंपाकघरात आम्ही पुढे काय केलं ते इथे सविस्तर सांगते, कारण त्यात विकत आणायचं नवं असं काहीच नव्हतं. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे ताटात ज्वारी आहे. तुमच्याकडे बाजरी किंवा नाचणी असेल, तरी हिशेब फारसा बदलत नाही.

तंतू पोटात नेमकं काय करतात

फायबर म्हणजे धान्य, डाळी, भाज्या आणि फळांमधला असा भाग, जो आपल्या आतड्यातल्या पाचकरसांना फोडता येत नाही. त्यालाच आपण चोथा किंवा तंतू म्हणतो. तो दोन प्रकारचा असतो. एक पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. मेथीदाणे भिजवल्यावर हाताला जे लागतं ते हेच. उसळींत आणि पेरूतही तो असतो. यामुळे जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून भूक उशिरा लागते आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही. दुसरा प्रकार पाण्यात विरघळत नाही. गव्हाचा कोंडा, धान्याची आणि कडधान्याची सालं, पालेभाजीची देठं यांत तो असतो. तो पाणी धरून ठेवतो, मळाला आकार देतो आणि पोट साफ ठेवतो.

तंतू चरबी जाळत नाहीत. असं सांगून जे काही विकलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. वजन कमी होतं ते खर्चापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्यामुळेच. तंतूंचं काम एवढंच, की कमी कॅलरीतही पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस उपाशी राहून वैतागत नाही. चार ग्लुकोज बिस्किटांतून साधारण 100 कॅलरी मिळतात आणि ती दोन मिनिटांत संपतात. तेवढ्याच कॅलरीचे फुटाणे म्हणजे छोटी मूठभर. ते सालासकट चावून खायला दहा मिनिटं लागतात, आणि पुढचे दोन तास स्वयंपाकघराकडे पाय वळत नाहीत.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू मिळाले पाहिजेत. जावेच्या पूर्वीच्या दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा तो 18 च्या आसपास निघाला. तो दिवस असा होता: सकाळी चहा आणि चार बिस्किटं, दहाला बशीभर पोहे, दुपारी दोन चपात्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण. पाचला चहाबरोबर फरसाण, रात्री पुन्हा दोन चपात्या, भात आणि आमटी. दिवसातल्या तीन चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर. यात कुणीही नाव ठेवावं असं काही नाही, आपल्याकडे बहुतेक घरांत असंच खातात. पण त्या दिवसात साल असलेलं धान्य किंवा कडधान्य जवळजवळ कुठेच नव्हतं.

भाकरी की चपाती

इथे मला एक गैरसमज दूर करायचा आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका 'चपाती बंद केली, आता फक्त भाकरी' असं अभिमानाने सांगतात. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात. बाजरी आणि नाचणीत 11 च्या आसपास. आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही 11 च्या आसपासच. म्हणजे तंतूंच्या बाबतीत गहू ज्वारीच्या मागे नाही. मैद्यात मात्र ते तीनच्याही खाली येतात, आणि पॉलिश केलेल्या तांदळातही तेवढेच असतात. फरक धान्यात कमी आणि चाळणीत जास्त आहे. रेशनचा गहू निवडून गिरणीतून दळून आणला आणि चाळला नाही, तर तेच पीठ कुठल्याही महागड्या मल्टीग्रेन आट्याच्या तोडीचं असतं.

मग भाकरीचा फायदा काय? पहिला म्हणजे तिला तेल लागत नाही. चपातीच्या पिठात, घडीत आणि वरून मिळून तेलाचा एक छोटा चमचा सहज जातो, म्हणजे 40 कॅलरी. चार चपात्यांत दीडशेच्या वर. भाकरीला फक्त पाणी लागतं. दुसरा म्हणजे ज्वारीचं पीठ घरी कुणी फारसं चाळत नाही. तिसरा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो म्हणजे भाकरी चावावी लागते. मऊ चपातीचा घास आमटीत बुडवून गिळता येतो, भाकरी तशी गिळता येत नाही. जेवण लांबतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ मिळतो.

भाकरी जमत नाही म्हणून सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापतानाच कडेने चिरते. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा, आणि पीठ थोडं जुनं असेल तर कढत पाण्यात मळा. चपातीच सोयीची असेल, तर चाळण बाजूला ठेवा, तेल न लावता फुलका करा. तेवढ्याने बरंचसं काम होतं.

तेलाच्या बाटलीवरची रेघ

तंतू वाढवले आणि तेल तसंच ठेवलं तर वजनाचा काटा जागचा हलणार नाही. जावेच्या घरात माणसं चार आणि तेल महिन्याला चार लिटर. म्हणजे माणशी दिवसाला 33 मिलिलिटर, साधारण साडेसहा छोटे चमचे. तिला विचारलं तर ती म्हणायची, "ताई, मी तेल कमीच घालते." आणि ते खोटं नव्हतं, तिच्या डोळ्यांना ते कमीच दिसायचं. पळीने तेल ओतताना अंदाज चुकतो, सगळ्यांचाच चुकतो.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. महिन्याला अडीच लिटरच तेल आणायचं ठरवलं आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या. बाटली सहा दिवस पुरली पाहिजे, म्हणून सहा सारखे भाग. रोजची रेघ ओलांडली तर दुसऱ्या दिवशी जपून. पळी डब्यातून काढून तिच्या जागी चहाचा चमचा ठेवला. चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीच्या फोडणीला दोन. कांदा करपायला लागला तर पाण्याचा शिपका द्यायचा, तेलाचा नाही. असं केल्यावर माणशी तेल 21 मिलिलिटरवर आलं. वाचलेल्या 12 मिलिलिटरच्या 100 कॅलरी होतात, त्याही ताटातला एक घास न काढता. महिन्याला दीड लिटर तेलाचे पैसे वाचले ते वेगळेच. त्या पैशांत घरी कडधान्य आणि भाजी आली.

इथे आमच्या भागातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे शेंगदाण्याचा कूट. तो भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, सगळीकडे पडतो. कूट पौष्टिक आहे, त्यात तंतू आणि प्रथिनं दोन्ही आहेत. पण पोह्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 60 कॅलरी असतात, आणि आपण कूट चमच्याने घालत नाही, मुठीने घालतो. तो बंद करू नका, मोजा. माणशी दिवसाला एक मोठा चमचा पुरे.

नवा दिवस

आता तिचा बदललेला दिवस सांगते, मापांसकट. सगळी मापं कोरड्या, न शिजवलेल्या जिनसांची आहेत, कारण शिजल्यावर पाण्यामुळे वजन किती वाढेल याचा नेम नसतो. सुरुवातीला महिनाभर तिने वाटी ठरवून घेतली होती, नंतर हाताला अंदाज बसला.

सकाळचा चहा तसाच, साखर मात्र एक चमचा, आणि बिस्किटं बंद. नऊच्या सुमाराला अख्ख्या हिरव्या मुगाचं धिरडं. मूठभर, म्हणजे 40 ग्रॅम मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं-मिरची घालून सालासकट वाटायचे आणि चमचाभर तेलावर दोन धिरडी काढायची. यातून साधारण 7 ग्रॅम तंतू मिळतात. तिच्या पूर्वीच्या अख्ख्या दिवसातल्या तंतूंच्या एक तृतीयांशाहून जास्त तंतू तेवढ्या नाश्त्यातून येत होते म्हणा ना. रोज धिरडं कोण खाणार? म्हणून दोन दिवस पोहे असायचेच, फक्त त्यात पोहे निम्मे आणि वाटाणा, गाजर, कोबी निम्मे.

दुपारी दोन भाकऱ्या, प्रत्येकी 45 ग्रॅम पिठाची. मध्यम आकाराची, फार जाड नाही. त्यातून 9 ग्रॅम. सोबत 30 ग्रॅम मटकीची उसळ, मोड आल्यावर ती मोठी वाटीभर होते. त्यातून साडेचार. काकडी किंवा गाजराची कोशिंबीर, काकडीचं साल न काढता, त्यातून 2. आणि एक भांडं पातळ ताक.

पाचला चहा आणि 25 ग्रॅम फुटाणे, सालासकट. 5 ग्रॅम. फरसाणाच्या जागी फुटाणे आल्याने सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचल्या, कारण मूठभर फरसाणातच दोनशेच्या वर असतात. हिवाळ्यात पेरू स्वस्त झाले की फुटाण्यांऐवजी एक पेरू. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या फळांत पेरूइतके तंतू फार थोड्यांत आहेत, 100 ग्रॅममागे 8 च्या पुढे. सफरचंदात त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. वजन कमी करायचं म्हणून महागडी सफरचंदं आणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

रात्री एक भाकरी, मेथीचं नाहीतर शेपूचं गरगटं, वाटीभर घट्ट वरण आणि अर्धी वाटी भात. भात तिला हवाच असतो, आणि तो काढून टाकायचं काही कारण नव्हतं. भात शेवटी वाढून घ्यायचा, एवढंच ठरलं. आधी भाजी-भाकरी, मग वरणभात. पोट तोवर भरत आलेलं असतं, त्यामुळे अर्धी वाटी पुरते. या जेवणातून 11-12 ग्रॅम तंतू.

सगळं मिळून 38-39 ग्रॅम होतात आणि कॅलरी साडेचौदाशेच्या आसपास. पोह्यांचा दिवस असला किंवा उसळ नसली तर तंतू तिशी-पस्तिशीच्या दरम्यान येतात, आणि तेवढेही पुरे आहेत. प्रथिनं 50 ग्रॅमच्या आसपास जातात. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू झिजू नयेत म्हणून ती लागतातच. चालत असेल तर दोन-तीन दिवस वरणाऐवजी अंडी घ्या, त्याहून स्वस्तात चांगली प्रथिनं मिळणं अवघड आहे.

खर्चाचंही सांगते. ज्वारी 50 रुपये किलो, मूग आणि मटकी 120, तूरडाळ 150 असे भाव धरले, तर भाकऱ्यांचे सात रुपये, मुगाचे पाच, मटकीचे साडेतीन-चार, वरणाचे चार, फुटाण्यांचे चार. पालेभाजी आणि काकडी मिळून पंधरा, दूध आणि ताकाचे अठरा, तेल, तांदूळ, कांदा-मसाला दहा. एका माणसाचा दिवस 65 ते 70 रुपयांत बसतो. तुमच्याकडचे भाव घालून हाच हिशेब करून बघा. भाज्या महागल्या की कडधान्यं थोडी वाढवा, आणि भाजी हंगामातलीच घ्या. पावसाळ्यात गवार आणि दोडका, हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर. गवारीत 100 ग्रॅममागे जवळजवळ 5 ग्रॅम तंतू असतात, म्हणजे मेथीइतकेच.

एकदम उडी मारली तर पोट बंड करतं

वरचं ताट वाचून कुणी उद्यापासून तसंच्या तसं सुरू केलं, तर चौथ्या दिवशी पोट फुगेल, गुडगुड होईल आणि तो माणूस म्हणेल, 'मला कडधान्य सोसत नाही.' ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात आणि तंतू हे त्यांचं खाणं. ते तंतू आंबवतात तेव्हा वायू तयार होतो. अचानक दुप्पट तंतू आले की वायूही तसाच वाढतो. सावकाश वाढवले तर आतडं आणि जिवाणू दोन्ही जुळवून घेतात.

म्हणून 18 वरून पुढे जायला आम्ही सहा आठवडे घेतले. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त चाळण बंद केली आणि दुपारी कोशिंबीर आणली. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या चपात्यांच्या जागी भाकरी आली. त्याच वेळी फरसाण गेलं आणि फुटाणे आले, पण आधी फक्त अर्धी मूठ. पाचव्या आठवड्यापासून उसळ, पहिल्यांदा एक दिवसाआड आणि अर्धी वाटी. धिरडं सगळ्यात शेवटी आलं. पोट जड वाटलं तर तिथेच आठवडाभर थांबायचं, मागे फिरायची गरज नाही.

कडधान्यांचा वायू कमी करायचा उपाय आपल्या आया-आज्यांच्या रोजच्या पद्धतीत आहेच. मटकी, मूग, हरभरे यांत अशा काही शर्करा असतात, ज्या आपल्याला पचत नाहीत आणि थेट जिवाणूंकडे जातात. रात्रभर भिजवल्यावर त्यातल्या बऱ्याच पाण्यात उतरतात. ते पाणी टाकून द्यायचं, त्यातच शिजवायचं नाही. मोड आणले की त्या शर्करा आणखी कमी होतात, कारण मोड वाढताना बी स्वतःच त्या वापरतं. मग उसळ बोटाने सहज दाबली जाईल इतकी मऊ शिजवायची. वजन कमी करणारे लोक मोड आलेली कडधान्यं कच्ची खातात, ते मला पटत नाही. कच्ची पचायला जड असतात, आणि मोड येण्याच्या ओल्या उबेत जंतूही वाढतात. निदान पाच मिनिटं वाफवून घ्या.

पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर सगळं उलटतं. तंतू पाणी शोषून फुगतात, आणि पाणीच नसेल तर मळ घट्ट होतो. तंतू वाढवूनही बद्धकोष्ठ झालं असं कुणी सांगितलं, की मी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारते. जाऊ शिलाईचं काम करते. एकदा मशीनवर बसली की उठत नाही, पाणीही विसरते. तिच्यासाठी मशीनशेजारी लिटरभराची बाटली ठेवली. दुपारच्या जेवणापर्यंत एक, संध्याकाळपर्यंत दुसरी. प्रमाण बरोबर बसलंय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: सकाळी कुंथावं न लागता पोट साफ होतं आणि लघवी फिकट पिवळी असते.

उपवासाचे दिवस

आठवड्याचा एक उपवास आणि वर चतुर्थी, एकादशी असं धरलं तर महिन्याचे सहा-सात दिवस होतात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी झाली, तर आठवडाभराची बचत बरीचशी तिथेच जाते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात तंतू नसल्यातच जमा. वरून मूठभर कूट आणि तेल-तूप. जावेने उपवास सोडला नाही, फक्त खिचडीऐवजी वरईचा भात आणि शेंगदाण्याची पातळ आमटी, सोबत दही घातलेली काकडी केली. संध्याकाळी उकडलेलं रताळं सालासकट. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरीही चालते. तळलेले वेफर्स आणि चिवडा घरातच आणले नाहीत.

वजन किती आणि कसं उतरतं

वरच्या बदलांमुळे तिच्या दिवसातून साधारण साडेतीनशे कॅलरी कमी झाल्या. तेलाच्या 100, साखरेच्या 60, बिस्किटांच्या 100, फरसाणाच्या सव्वाशे, आणि नव्याने आलेल्या पदार्थांच्या थोड्या वजा केल्या. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, म्हणजे कागदावर महिन्याला एक किलो आणि थोडं वर. प्रत्यक्षात त्याहून कमीच उतरतं, कारण लग्नं, सण, पाहुणे असतात आणि वजन घटलं की शरीराचा खर्चही थोडा घटतो. तिचं वजन 72 किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. सात महिन्यांनी ती 66 वर आली. जाहिरातीतल्या आकड्यांसमोर हे लहान दिसेल, पण त्या सात महिन्यांत ती एकदाही उपाशी झोपली नाही, आणि घरात दोन वेगळे स्वयंपाक झाले नाहीत.

वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. रोज केलं तर पाण्यामुळे काटा अर्धा-एक किलो वरखाली होतो आणि जीव कातावतो. त्याबरोबर महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची 90 च्या वर असेल, तर पोटाची चरबी काळजी करण्याइतकी आहे असं आपल्याकडचे डॉक्टर धरतात. कधी कधी वजन थांबतं पण कंबर उतरत असते, म्हणजे गाडी चालू आहे.

हे जेवण सगळ्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण बदलल्यावर साखर जास्त उतरू शकते, म्हणून औषधाचं प्रमाण डॉक्टरांना आधी विचारा. किडनीचा आजार असेल तर कडधान्यं आणि पालेभाज्या किती घ्यायच्या हे त्यांनीच ठरवायचं. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी घ्या आणि नंतर किमान अर्धा-पाऊण तास काही खाऊ नका, कारण जास्त तंतूंच्या जेवणासोबत ती नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच, ती भाकरी-उसळीबरोबर घेऊ नका. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हा बेत तुमच्यासाठी नाही. आणि मळातून रक्त जात असेल, किंवा काही न करता वजन घटत असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

चौथ्या महिन्यात जावेचं वजन 68 वर अडकलं. चार आठवडे काटा हलला नाही. ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, आता भातच बंद करते." मी म्हटलं, भाताला हात लावू नकोस, आधी तीन दिवस जे जे पोटात जातं ते वहीत लिही. स्वयंपाक करताना चाखलेलंसुद्धा. वहीत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, एक सोडून. भाकरीबरोबर रोज शेंगाची चटणी होती, दोन्ही वेळेला, आणि ती मोजणीत कधी आलीच नव्हती. दोन-दोन चमचे, म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर कॅलरी. चटणी एका वेळेला एक चमचा केली, दुसऱ्या वेळेला जवस-लसणाची चटणी अर्धा चमचा आणि लिंबाची फोड. शिलाईचं काम संपल्यावर संध्याकाळी अर्धा तास चालणं तिने स्वतःहून सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात काटा पुन्हा खाली आला.